एका हाताच्या दोन सह्या

सुबराव थोरबोलेचा पहिला दणका मला बसला. कानफटात असा वाजवला की माझी टोपी चावडीच्या पायरीवरून घरंगळत खाली गेली. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, गावचा कोतवाल, आणि हा माझ्याहून वीस वर्षांनी लहान गडी. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण ह्याच्या बापाला, यशवंताला, मी खांदा दिलेला. शिवी ओठावर आली आणि तिथंच थांबली.

"वाच!" त्यानं माझी मान धरून एक कागद नाकासमोर आणला. "मोठ्यानं वाच. तुलाच वाचायला आणलाय."

"मान सोड आधी, मग वाचतो. बैल हाय व्हय मी?"

त्यानं मान सोडली. मी चष्मा शोधला. सातबारा होता. गट नंबर तीनशे बारा, एकूण दोन हेक्टर चाळीस आर, म्हणजे सरळ सहा एकर. वर कंसात घालून कमी केलेलं नाव, ह्याच्या बहिणीचं, हौसाबाई. त्याखाली थोरला भाऊ पंडित यशवंत थोरबोले, एक हेक्टर साठ आर. त्याखाली सुबराव यशवंत थोरबोले, ऐंशी आर.

"त्याला चार एकर, मला दोन," सुबराव म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "आबानं जिवंतपणी तोंडी निम्मं निम्मं करून दिलं. वरली तीन दादाला, खालची खडकाळ तीन मला. मधी बांध घातला तवा तू उभा हुतास का न्हवतास?"

"हुतो."

"विहीर कुणी पाडली?"

"तू पाडलीस."

"सहा वर्सं पाडली, तात्या! सुरुंग लावून, पाटीनं दगूड उपसून. आन आता माझी ऐंशी आर? एक एकर गेलं कुठं? हरकत घ्यायला पंधरा दिवस असत्यात म्हणं. मला नोटीस का आली न्हाय?"

खरं सांगतो, तोवर मला काही आठवत नव्हतं. भाऊसाहेब, म्हणजे आमचे तलाठी, त्या दिवशी दुसऱ्या गावाला होते. किल्ली माझ्याकडं. मी दप्तर उघडलं, नोटिसांची फाईल काढली, पानं उलटली. सापडली. हौसाबाईंच्या हक्कसोड पत्रावरून फेरफाराची नोंद धरलेली, आणि खाली नोटीस मिळाल्याच्या दोन सह्या. पंडितच्या नावापुढं एक आणि सुबरावच्या नावापुढं एक. एकच पेन, एकच वळण. आंधळ्यालाही दिसलं असतं, पण मला तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

"ही माझी सही?" सुबरावनं विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला.

"तात्या, मी काय इचारतोय?"

"न्हाय. तुझी न्हवं."

मग मला तो दिवस लख्ख आठवला. श्रावणातलं ऊन, गुडघे दुखत होते. मी पंडितच्या ओसरीवर टेकलो. त्याच्या बायकोनं चहा दिला. पंडित म्हणाला, "सुबा मळ्यात हाय. कुठं येवढी पायपीट करतुयास निवृत्ती? आण हिकडं, मीच करतो सही, सांगतो त्याला." आणि मी दिला की कागद! तीस वर्षं असंच चालत आलेलं. भावाभावांत कसल्या वेगळ्या नोटिसा, एक घर एक सही, असं म्हणत मी गावातल्या निम्म्या नोटिसा ओसरीवर वाटल्यात. त्या कागदात काय लिहिलंय हे वाचायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मला वाटलं, बहिणीनं हक्क सोडला, दोघा भावांच्या नावं सोडला असणार. सगळ्या बहिणी तसाच सोडतात.

हौसाबाईनं सोडला होता, पण कागदावर फक्त पंडितच्या हक्कात. बाप मेल्यावर तिघांची नावं सारख्या हिश्शानं लागली, ऐंशी-ऐंशी-ऐंशी. बहिणीचे ऐंशी पंडितच्या ऐंशीत मिळाले. हिशेब एवढा सोपा होता.

"तुला कळलं कधी?" मी विचारलं.

सुबराव चावडीच्या उंबऱ्यावर बसला. मारायला आलेला गडी एकदम पोत्यासारखा बसला.

"परवा. जतकडच्या पोरीकडची मानसं आलती, ठरवायला. पोरीचा मामा फौजेतनं आलेला. म्हणला, पावनं, राग मानू नका, आमी सातबारा बघतो. म्या म्हणलं, बघा की! सेतूतनं सकाळी काढून आणला हुता, घडी सुदिक मोडली न्हवती. तीन एकर बागायत, घरची विहीर, असं छातीठोक सांगून बसलो हुतो मी. त्यानं घडी मोडली, वाचला, आन कागद माझ्या मांडीवर ठेवला. म्हणला, ऐंशी आर हाय की वो हे. तीन एकर कुठं हाय? सगळ्या बायका माझ्याकडं बघाय लागल्या. पव्ह्यांच्या ताटल्या तशाच ठिवून गेली मानसं. जाताना मामा म्हणला, जमीन कमी असती तरी दिली असती पोरगी, खोटं बोलणाऱ्याला न्हाय देत."

छत्तीस वर्षांचा झाला होता तो. पाच ठिकाणी नकार आलेला. शेतकऱ्याला पोरगी मिळणं म्हणजे आमच्याकडं आता उंबराचं फूल. आणि ही पोरगी स्वतः हो म्हणाली होती. सुबरावनं मळ्यातल्या खोलीला रंग दिलेला, निळा. सगळा गाव चिडवत होता, नवरदेव, भिंतीला हळद लावली का रं?

"वकिलाकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "प्रांताकडं अपील टाकायचं म्हणतोय. नोटीस मिळाली न्हाय, सही खोटी हाय, येवढं कोतवालाकडनं लिहून आण म्हणला. आक्काबी येतीया आज. ती म्हणती, मला दोघांच्या नावं म्हणून सांगितलं हुतं. तिचा दावा कोर्टात, माझं अपील प्रांताकडं. पोरीच्या मामाला फोन केला, पंधरा दिवस थांबतो म्हणाला. म्हणला, कागद दावा, मी खोटा ठरलो म्हणून माफी मागीन. तू लिहून दे तात्या. आत्ता दे."

आणि मी काय म्हणालो? जीभ झडली नाही माझी.

"उद्या देतो," मी म्हणालो. "भाऊसाहेबांना इचारून देतो."

भाऊसाहेबांना काय विचारायचं होतं डोंबलाचं! मला नोकरीचं भ्या वाटलं. खोटी सही मी डोळ्यांसमोर करू दिली असं लिहून देणं म्हणजे माझ्याच गळ्यात दोर. चार वर्षं राहिलेली. रात्रभर विचार करू, काहीतरी पळवाट निघेल, असं वाटलं.

सुबराव उठला, पायरीखालची माझी टोपी उचलली, मांडीवर आपटून झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"उद्या तर उद्या," म्हणाला. "पर नक्की दे. मारलं त्ये चुकलं माझं."

दुपारच्या एसटीनं हौसाक्का आली. दोघा भावांच्या मधली बहीण. कपाळाला भलंमोठं कुंकू, काखेत पिशवी. येताना भावांना आवडतात म्हणून शेंगदाण्याच्या पोळ्या केलेल्या. घरी न जाता सरळ चावडीवर आली.

"निवृत्तीदादा, चला माझ्यासंगं," म्हणाली. "चावडीचा मानूस असला की दादा जरा बेतानं बोलंल."

पंडितच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा तो ट्रॅक्टरचा नांगर जोडत होता. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, बोलायला गोड. बापाच्या माघारी ह्यानंच सुबरावला सांभाळलं, हे खोटं नाही. सुबराव आमच्या मागून आला आणि गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"आलीस व्हय गं," पंडित म्हणाला. "च्या टाक गं, आक्का आलीया," असं आत बायकोला ओरडला.

"च्या नगं दादा. मला येवढं सांग, मी कुणाच्या नावं हक्क सोडला?"

"कागदावर हाय त्याच्या."

"मला दोघांच्या म्हणालास. कचेरीत सायबानं इचारलं, वाचून दाखवलं का, तवा तूच व्हय म्हणालास. मीबी मान हलवली. भाऊ सांगतोय म्हंजी तसंच असणार. मी का हक्क सोडला, ठावं हाय का तुला? माह्यारचा उंबरा ऱ्हावा म्हणून. भाऊबीजेला दोन पाट मांडायला मिळावं म्हणून. एक पाट उचलायला न्हवं!"

पंडित पाना खाली ठेवून उठला. "आता ऐक माझं. आबाच्या आजारपणात कोण हुतं? मी. तुझ्या पोरीच्या लग्नात कोण उभा ऱ्हायला? मी. ह्यो?" त्यानं सुबरावकडं बोट केलं. "ह्यो दगूड फोडत बसला हुता. ह्याला बायकू न्हाय, पोर न्हाय. उद्या मेला तर माझ्याच पोराला जायाचं हुतं सगळं. मी काय वायलं केलं? जरा आधी लिहून घेतलं."

"आन मी पोरगी बघाय लागलो म्हणून घाई केलीस व्हय?" सुबराव म्हणाला.

"छत्तिसाव्या वर्सी घोडनवरा! कुठली कोण येनार, वर्सात पोर काढनार, आन आमच्या आजाच्या जमिनीत हिस्सा मागनार!"

"आजा माझाबी हाय!"

"बघ निवृत्ती, कसा तोंड वर करून बोलतोय. तूच सांग. कागद सरकारी हाय का न्हाय? नोंद मंजूर झाली का न्हाय?"

मला तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी बोललो, पण अर्धंच. "पंडित, नोंद झाली म्हंजी कुठला तुकडा कुणाचा ते ठरत न्हाय. उताऱ्यावर किती येवढंच असतंय. कुठलं ते ठरवायला वाटप लागतंय, सगळ्यांची संमती, मग मोजणी. तवर बांधाला हात लावू नगंस."

"माझी चार हायत. माझ्या तीनाला लागून चवथा. इहिरीसकट. उद्या सकाळी नांगर घालनार."

"दादा, तू नांगर घालायच्या आधी मी कोर्टात जाणार," हौसाक्का शांतपणे म्हणाली. "फसवून घेतलं म्हणून सांगणार. हक्कसोड रद्द करून घेणार. माझा हिस्सा परत माझ्या नावावर आणते आन दोघांना निम्मा निम्मा वाटते. बघते कोण अडवतंय."

पंडितचा हात कधी उठला दिसलं नाही. थप्पड एवढी जोराची की हौसाक्का गव्हाणीच्या कडप्प्यावर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं कळेना. पिशवीतल्या पोळ्या शेणात सांडल्या. ती नुसती भावाकडं बघत राहिली, हा कोण आहे असं.

"आक्कावर हात टाकलास?" सुबराव एवढंच म्हणाला आणि त्यानं गोठ्यातला पाईप उचलला.

पहिला तडाखा पंडितच्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. दुसरा खांद्यावर. पंडितनं डोकं खाली घालून त्याच्या पोटात मुसंडी मारली, दोघं पाण्याच्या हौदावर कोसळले, पंडितनं त्याच्या कानाला चावा घेतला. एका आईचं दूध प्यालेली माणसं, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत होती. मी मध्ये पडलो तर एक कोपर माझ्या जबड्यावर बसलं. शेवटी शेजारचे चौघे धावले, तेव्हा दोघं वेगळे झाले.

"पोलिसात चला," शेजारचा एकजण म्हणाला.

"नगं," हौसाक्का पदरानं कपाळ दाबत म्हणाली. "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. दाद्याला तुरुंग दावायचा न्हाय मला. उद्या वकिलाकडं जाऊ, कागदानं करू काय करायचं त्ये."

"बरोबर हाय," मीही म्हणालो. माझंही त्यात भलं होतं ना! पोलीस आले असते तर सह्यांचा विषय निघाला असता.

हौसाक्का सुबरावच्या मळ्यातल्या निळ्या खोलीत राहिली. पंडित बोटं बांधून घ्यायला तालुक्याला गेला.

मी रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं, जबडा कशानं सुजलाय. मी सांगितलं सगळं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर मी भांगलायला जाईन. पर त्या पोराचं लगीन तुमच्या कपभर च्यापायी मोडलं तर मी तुमच्या ताटात वाढनार न्हाय." बाई फाटक्या तोंडाची, पण खरं बोलते.

सकाळी उठून मी चावडीवर गेलो. भाऊसाहेबांची वाट बघितली नाही. कोरा कागद घेतला आणि लिहिलं. मी, निवृत्ती, कोतवाल, लिहून देतो की फेरफाराची नोटीस सुबराव यशवंत थोरबोले यांना मी बजावली नाही. त्यांच्या नावापुढील सही पंडित यशवंत थोरबोले यांनी माझ्यासमोर केली. चूक माझी आहे. खाली सही, तारीख. एवढ्या चार ओळी. काल लिहिल्या असत्या तर पाच मिनिटं लागली असती. कागद खिशात घालून मी मळ्याची वाट धरली. चालताना हलकं वाटत होतं. सुबराव काय म्हणेल, ह्या लग्नात मला मानाचा फेटा बांधेल, असलं काहीतरी मनात येत होतं.

ओढा ओलांडला आणि ट्रॅक्टरचा आवाज आला.

पंडित एका हातानं ट्रॅक्टर चालवत होता, दुसरा हात फडक्यात. बांध अर्धा मोडला होता. नांगर सुबरावच्या हळदीत शिरलेला. काढणीला महिना राहिलेली हळद, पिवळे गड्डे उलटून मातीवर पडत होते. यशवंतानं स्वतः रोवलेला बांधाचा दगड चाकाखाली आडवा पडला होता. सुबराव विहिरीकडून धावत येत होता, अनवाणी, ओरडत. काय ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं.

त्यानं चालत्या ट्रॅक्टरवर उडी घेतली. पंडितची गळपट्टी धरून त्याला खाली ओढला. ट्रॅक्टर चार पावलं पुढं जाऊन बंद पडला. दोघं ढेकळांत लोळले. ह्यावेळी सुबराव वर होता. त्यानं गुडघे भावाच्या छातीवर रोवले आणि ठोसे मारले, एक, दोन, चार, तोंडावर, जिथं लागेल तिथं. पंडितचं तोंड रक्तानं भरलं. सुबराव रडत होता आणि मारत होता. "घे! घे एक एकर! घे!"

हौसाक्का खोलीतून पळत आली. कपाळाला फडकं बांधलेलं, केस सुटलेले.

"सोड त्याला सुबा! मारशील, सोड! दादा हाय आपला त्यो! माझी आण हाय तुला, सोड!"

आणि सुबरावनं सोडला. बहिणीची आण म्हटल्यावर सोडला त्यानं. उठून उभा राहिला, धापा टाकत तिच्याकडं वळला. "बघ आक्का," म्हणाला, "माझी हळद बघ काय केली." पाठ पंडितकडं होती.

पाटाच्या कडेला खोरं पडलेलं. पाणी फिरवायचं खोरं, सुबरावचंच. पंडितनं ते धड असलेल्या हातानं उचललं. मी पन्नास पावलांवर होतो. "पंडित!" म्हणून ओरडलो. त्यानं ऐकलं, माझ्याकडं बघितलंसुद्धा. तरी मारलं. मानेच्या वर, मागून. सुबराव गुडघ्यावर आला. त्यानं परत मारलं. सुबराव पालथा पडला. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा मी पोचलो होतो, मी पातं धरलं, माझा तळवा हाडापर्यंत फाटला, पण त्यानं हिसडा देऊन सोडवून घेतलं आणि तिसराही मारला.

मग तो बांधाच्या दगडावर बसला. "पानी दे कुणीतरी," म्हणाला.

हौसाक्कानं सुबरावचं डोकं मांडीवर घेतलं. ती त्याला हाका मारत नव्हती. त्याच्या केसांतली माती काढत होती. मी गुडघ्यावर बसलो, खिशातला कागद काढला, आणि काय वेडेपणा बघा, त्याच्या हातात द्यायला गेलो. "सुबराव, आणलाय बघ, लिहून आणलाय." त्याची मूठ मातीत गच्च होती, ती उघडेना. कागदाला माझ्या हाताचं रक्त लागलं.

अपिलाला जोडायचा तो कागद खुनाच्या खटल्यात जोडला गेला. कोर्टात मला पिंजऱ्यात उभा केला. पंडितच्या वकिलानं विचारलं, "तीस वर्षं तुम्ही अशाच नोटिसा बजावता?" मी म्हणालो, "होय." "मग ह्याच वेळी चूक कशी झाली?" मी म्हणालो, "प्रत्येक वेळी चूकच होती साहेब. ह्या वेळी माणूस मेला." न्यायाधीशांनी वर बघितलं. पंडितला जन्मठेप झाली. मला आठ महिने घरी बसवलं, पगार अर्धा, मग परत घेतलं. बायको खरंच भांगलायला गेली. तक्रार केली नाही तिनं.

तीन वर्षं गेली. हक्कसोडीचा दावा हौसाक्कानं टाकलाच नाही. शेत पडून राहिलं. पंडितची बायको पुण्याला पोराकडं गेली. विहिरीत कुणी मोटर सोडली नाही. आता तलाठी म्हणून एक तरुण बाई आल्यात, आम्हा लोकांना कोतवाल म्हणायचं नाही, महसूल सेवक म्हणायचं, असा हुकूम निघालाय. गाव कोतवालच म्हणतं. एक दिवस मॅडमनी मला बोलावलं.

"तात्या, सुबराव थोरबोलेंची वारस नोंद अजून झालेली नाही. बायकोमुलं?"

"न्हाईत मॅडम."

"आईवडील?"

"दोघंबी गेल्यात."

"मग भाऊ आणि बहीण. पण भावानं खून केलाय, शिक्षा झालीय. खून करणाऱ्याला मेलेल्याची मिळकत कायदा देत नाही, आणि सख्खी बहीण असताना त्याच्या मुलालाही येत नाही. म्हणजे सगळे ऐंशी आर हौसाबाईंचे."

पंडित अंगणात म्हणाला होता ना, उद्या मेला तर माझ्याच पोराला जायाचं सगळं. काही केलं नसतं, हात आखडून बसला असता, तरी आपलं तीन एकर आणि सख्खा भाऊ त्याच्याकडं राहिला असता.

नोटिसा निघाल्या. पंडितची तुरुंगाच्या पत्त्यावर गेली, कारण गटात त्याचंही नाव आहे. जेलरच्या शिक्क्यानिशी परत आली. सही होती, डाव्या हातानं केल्यासारखी वाकडी. एकच सही होती, त्याच्या स्वतःच्या नावापुढं.

हौसाक्काची नोटीस मी टपालानं पाठवू दिली नाही. एसटीनं गेलो, तिच्या सासरी. ती अंगणात शेंगा फोडत होती. कपाळावर व्रण आहे अजून. कुंकू त्याच्या खाली लावते.

"हौसाक्का, तुझ्या हातात द्यायची हाय," मी म्हणालो.

"वाचून दावा, दादा."

मी वाचली. मयत सुबराव यशवंत थोरबोले यांचे वारस म्हणून सख्खी बहीण हौसाबाई यांचे नाव दाखल करण्याची नोंद घेण्यात आली आहे. ती ऐकत होती. हातातली शेंग तशीच.

"परत वाचा."

मी परत वाचली. ती म्हणाली, अजून एकदा. मी तिसऱ्यांदा वाचली.

"आता समजली," ती म्हणाली. "मागल्या बारीला कुणी अशी वाचली न्हवती." तिनं हात पदराला पुसला, पेन घेतलं आणि सावकाश नाव लिहिलं. मग कागदाकडं बघत विचारलं, "ह्याच्यात काय सांगायचं असलं तर किती दिवस असत्यात?"

"पंधरा दिवस. कुणाची हरकत असंल तर."

"हरकत घ्यायला आता कोण हाय वो?" ती म्हणाली, आणि परत शेंगा फोडायला लागली.